कालचा दिवस विचारा

«मी ३१ वर्षांची आहे. सात वर्षं शाळेत विज्ञान शिकवते. आता क्लिनिकल रिसर्च कोऑर्डिनेटर व्हावं, म्हणजे रुग्णालयात औषधांच्या चाचण्यांचं रोजचं काम सांभाळावं, असं मनात आहे, कारण मला माणसांत राहायला आवडतं आणि औषधांच्या संशोधनाची ओढही आहे. कोर्सच्या प्रवेशाची मुदत सहा आठवड्यांनी संपते. मागच्या महिन्यात ओळखीतून या क्षेत्रातल्या एका ताईंना भेटले. पाऊण तास बोललो. 'काम छान आहे, शिकायला खूप मिळतं, थोडा स्ट्रेस असतो', एवढंच हाती लागलं. त्या दिवसभर नेमकं काय करतात हे मला अजूनही सांगता येणार नाही. आणखी कुणाला भेटावं का? आणि भेटले तर विचारू काय?»

नमस्कार.

हो, भेटा. आणखी तिघाचौघांना भेटा, आणि त्या ताईंशीही एकदा पुन्हा बोला. त्यांनी काही लपवलं असं वाटत नाही. 'काम कसं आहे?' असं विचारलं की माणूस वर्षभराच्या कामाचा एका वाक्यात सारांश सांगतो, आणि सारांशात रोजचं काम उरत नाही. ज्या गोष्टी रोज घडतात त्या सांगण्यासारख्या वाटतच नाहीत. लक्षात राहतात ते एखादा गाजलेला प्रसंग, परवाचं भांडण, नाहीतर मागच्या आठवड्यातलं कौतुक. तुम्हाला हवं आहे ते नेमकं यांच्या मधलं सगळं.

म्हणून मत विचारू नका, कालचा दिवस विचारा. डॅनियल कानेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली दिवसाच्या पुनर्रचनेची एक पद्धत प्रसिद्ध केली होती. त्यात लोकांना आदला दिवस चित्रपटातल्या दृश्यांसारखा तुकड्या-तुकड्यांत आठवायला सांगतात: कधी सुरू झालं, कधी संपलं, काय करत होतात, सोबत कोण होतं. त्यांचा हेतू वेगळा होता, पण ही युक्ती तुमच्या कामाला चपखल बसते. 'एरवी काय करता?' या प्रश्नाला माणूस अंदाज सांगतो, 'काल काय केलंत?' या प्रश्नाला आठवण सांगतो.

आधी माणसं कोणती निवडायची ते पाहू. दोघं अशी हवीत ज्यांना या कामात एक ते तीन वर्षं झाली आहेत. तुम्ही रुजू झालात तर तुमचा दिवस त्यांच्यासारखा असेल, आणि आल्यावर कशाने चकित झालो हे त्यांना अजून आठवतं. तिसरी व्यक्ती आठ-दहा वर्षं मुरलेली असावी, म्हणजे पुढे काय बदलतं ते कळेल. चौथी व्यक्ती हे काम सोडून गेलेली असावी. हिला लोक सहसा शोधत नाहीत, पण तिला शोधायची मेहनत वसूल होते. या क्षेत्रात आणखी एक फरक पाहायला हवा. मोठ्या रुग्णालयात चार-पाच कोऑर्डिनेटर मिळून काम वाटून घेतात. लहान ठिकाणी एकटी व्यक्ती फाइलपासून फ्रीजपर्यंत सगळं पाहते. हुद्दा तोच, दिवस निराळा. दोन्हीकडचं किमान एकेक माणूस असू द्या. कोर्स चालवणारी संस्था स्वतःहून ज्या माजी विद्यार्थ्यांशी गाठ घालून देते, त्यांच्याशी जरूर बोला, पण मोजणीत फक्त त्यांनाच धरू नका. ती नावं संस्थेने निवडलेली असतात.

नावं मिळवायचा सर्वांत सोपा रस्ता तुम्ही भेटलेल्या ताईच आहेत. 'अजून कुणाशी बोलू?' इतकं मोघम विचारलंत तर त्या विचार करून सांगते म्हणतील. 'नुकतंच काम सुरू केलेलं एक आणि सोडलेलं एक असं कुणी आठवतं का?' असं विचारलंत की डोळ्यांसमोर चेहरे येतात.

निरोप फोनच्या पडद्यावर न सरकवता वाचून संपेल एवढाच लिहा. उदाहरणार्थ:

«नमस्कार. मी विज्ञान शिक्षिका आहे. क्लिनिकल रिसर्च कोऑर्डिनेटरचं काम आपल्याला जमेल का, याचा विचार करते आहे. तुमचं नाव अमुक ताईंनी सुचवलं. तुमचा कामाचा एक दिवस समजून घेण्यासाठी २५ मिनिटं फोनवर बोलता येईल का? नोकरीसाठी शब्द टाकण्याची विनंती नाही. मंगळवार ते गुरुवार संध्याकाळी सहानंतर मला जमेल, पण तुम्ही सांगाल ती वेळ चालेल.»

नोकरीबद्दलचं ते वाक्य गाळू नका. अनोळखी माणसाचा फोन आला की समोरच्याला आधी तीच धास्ती असते, आणि ती गेली की तो मोकळा बोलतो. अर्थात ते वाक्य लिहिल्यावर पाळायलाही हवं. बोलण्याच्या शेवटी बायोडेटा पुढे केलात, तर तुम्हीही गेलात आणि त्यांचं नाव सुचवणाऱ्या ताईही अडचणीत आल्या. उत्तर आलं नाही तर आठवड्याने एकदा आठवण करा, आणि मग विषय सोडा.

मंगळवार ते गुरुवार हे दिवस लिहिण्यामागे कारण आहे. त्या दिवशी 'काल' म्हटलं की कामाचाच दिवस येतो. बोलायला सुरुवात करताना त्यांना फोनमधलं कॅलेंडर किंवा पाठवलेल्या ईमेलची यादी समोर ठेवायला सांगा. वेळा आठवायला त्याने फार मदत होते.

पहिला प्रश्न असा: 'काल कामावर पोहोचल्यापासून निघेपर्यंत काय काय केलंत, क्रमाने सांगाल? कंटाळवाणं वाटेल तेही सांगा.' तरी पहिलं उत्तर आखूडच येईल. समजा त्या म्हणाल्या, 'काल तसं ठीक होतं. दोन पेशंट होते, मग थोडं पेपरवर्क.' इथेच थांबलात तर मागच्या भेटीसारखीच गत होईल. आता सुरुवातीपासून हात धरून न्या: 'किती वाजता पोहोचलात? पहिल्यांदा हातात काय घेतलंत?' त्यापुढे तुमचे प्रश्न इतकेच: 'मग?', 'हे किती वाजेपर्यंत चाललं?', 'तेव्हा समोर काय होतं, माणूस, कागद की स्क्रीन?', 'हे आधी ठरलेलं होतं की मध्येच आलं?' मध्ये अर्ध्या तासाची फट दिसली की तिथे थांबा. 'साडेअकरा ते बारा काय झालं?' असं विचारलं की बहुतेक वेळा नोंद न झालेलं काम बाहेर येतं.

अशा चौकशीतून 'दोन पेशंट आणि थोडं पेपरवर्क' कसं उलगडतं, त्याचं एक नमुन्याचं चित्र पाहा. नऊला पोहोचल्या. औषधं ठेवलेल्या फ्रीजचं तापमान २ ते ८ अंश सेल्सिअसच्या आत राहिलं होतं का ते पाहून नोंदवलं आणि ईमेल चाळली: २० मिनिटं. मग उद्या येणाऱ्या रुग्णांना फोन, उपाशीपोटी यायची आठवण: २० मिनिटं. ९:४० ते ११:२० पहिल्या रुग्णाची भेट. रक्तदाब, प्रश्नावली, रक्ताचा नमुना, आणि मागच्या वेळी दिलेल्या गोळ्यांपैकी किती उरल्या त्याची मोजणी. यातली ३५ मिनिटं डॉक्टर मोकळे होण्याची वाट पाहण्यात गेली. ११:२० ते १२ नमुने सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवणं, छोट्या नळ्यांत भरणं, लेबलं, कोरड्या बर्फात पॅकिंग, कारण कुरिअर बाराला येतो आणि थांबत नाही. १२ ते १:१५ भेटीची माहिती मूळ कागदांवरून संगणकावर चढवणं. मग अर्धा तास जेवण. १:४५ ते ३ नवा रुग्ण आणि त्याचे नातेवाईक: डॉक्टरांनी अभ्यासाची, म्हणजे औषधाच्या चाचणीची, माहिती दिली, ताईंनी संमतीपत्र पानापानाने समजावलं, शंका ऐकल्या, रुग्ण म्हणाला, घरी विचार करून सांगतो. ३ ते ५ क्वेरी. १४ होत्या. ५ ते ५:४० डॉक्टरांच्या खोलीबाहेर, लॅबच्या अहवालांवर सह्या घेण्यासाठी. ५:४० ते ६:१५ अभ्यासाला मंजुरी देणाऱ्या एथिक्स कमिटीची पत्रं फाइलला लावणं.

आता बेरीज करा. जेवण वगळता पावणेनऊ तास. रुग्णांशी आणि नातेवाइकांशी प्रत्यक्ष किंवा फोनवर २ तास ४० मिनिटं. कागद आणि संगणक ३ तास ५० मिनिटं. डॉक्टरांची वाट पाहण्यात सव्वा तास. नमुने आणि फ्रीज एक तास. 'थोडं पेपरवर्क' हा दिवसाचा सर्वांत मोठा तुकडा निघाला. त्या ताई खोटं बोलल्या नव्हत्या. रोजची सवय झाली की चार तासांचं काम 'थोडं' होतं.

बेरजेवरही थांबू नका. सगळ्यात मोठ्या तुकड्याच्या आत शिरा. 'क्वेरी म्हणजे काय, कालची एखादी सांगाल का?' असं विचारलंत की कळेल: संगणकात चढवलेली माहिती आणि मूळ कागद यांत तफावत दिसली, किंवा काही राहून गेलं, की अभ्यास करवून घेणाऱ्या कंपनीकडून, म्हणजे प्रायोजकाकडून, प्रश्न येतो. भेटीची तारीख ठरलेल्या मुदतीबाहेर का गेली? गोळ्या सहा उरायला हव्या होत्या, आठ कशा? या दुरुस्तीशेजारी सही आणि तारीख कुठे आहे? प्रत्येक प्रश्नासाठी फाइल काढायची, पान शोधायचं, गरज पडली तर रुग्णाला फोन करायचा, उत्तर लिहायचं. कागदावर चुकलं तर व्हाइटनर चालत नाही. एक रेघ मारून, जुनं वाचता येईल असं ठेवून, बाजूला बरोबर नोंद, सही आणि तारीख. जे लिहिलेलं नाही ते झालेलंच नाही असं धरतात. पुढे प्रायोजकाचा तपासनीस, म्हणजे मॉनिटर, येऊन मूळ कागदांशी सगळं ताडून पाहतो.

तुमच्यासाठी खरा प्रश्न इथे आहे, असं आम्हाला वाटतं. परीक्षेनंतर गुणांची बेरीज पुन्हा तपासणं, उत्तरपत्रिका आणि गुणपत्रक ताडून पाहणं, हे तुम्ही वर्षानुवर्षं केलं आहे. ते करताना वेळ कसा जातो? चूक सापडली की बरं वाटतं, की कधी एकदा संपतं असं होतं? रोज दोन तास तेच करायचं असेल तर काय वाटेल, याचा अंदाज तुमच्याइतका चांगला दुसरं कुणी बांधू शकणार नाही. आणि माणसांची ओढ म्हणाल, तर २ तास ४० मिनिटं कमी नाहीत, पण त्यातलं बरंचसं बोलणं ठरलेल्या प्रश्नावलीतलं असतं. संमतीपत्राचा सव्वा तास मात्र वेगळा. कठीण गोष्ट सोप्या शब्दांत, घाई न करता आणि भीड न घालता सांगायची. तिथे शिक्षकाचा हात लागतो. असे सव्वा तास आठवड्यात किती येतात, ते प्रत्येकाला आवर्जून विचारा. ज्या अभ्यासात नवे रुग्ण घेणं थांबलं आहे, तिथे ते जवळपास येतच नाहीत.

एक दिवस म्हणजे महिना नव्हे. म्हणून दिवस उलगडून झाला की विचारा: 'काल नेहमीसारखा होता का? मागच्या दोन आठवड्यांत याहून अगदी वेगळा दिवस कोणता होता?' इथे मॉनिटरच्या भेटीचा दिवस येईल, आणि बऱ्याचदा त्याआधीची उशिरापर्यंत थांबलेली संध्याकाळही. मग एक प्रसंग मागा. जॉन फ्लॅनागन यांनी १९५४ साली मांडलेल्या निर्णायक प्रसंगांच्या पद्धतीत हेच करतात: काम नीट होतं की फसतं हे ठरवणारा एक घडलेला प्रसंग घेऊन तो तपशिलाने ऐकायचा. 'सुट्टीच्या दिवशी कामासाठी फोन शेवटचा कधी आला? काय झालं होतं?' या कामात एखादा रुग्ण अचानक रुग्णालयात दाखल झाला तर ती गंभीर घटना ठरते, आणि कळल्यापासून बहुतेक अभ्यासांत २४ तासांच्या आत ती प्रायोजकाला कळवावी लागते. रविवार त्यातून सुटत नाही. 'कधीकधी सुट्टीतही काम असतं' या वाक्यातून हे कळत नाही. 'शेवटचं कधी' विचारलं की कळतं.

बोलणं बिघडतं ते बहुधा काही ठरावीक जागी. समोरची व्यक्ती कामाची जाहिरात करू लागते, किंवा उलट मनातली सगळी खदखद तुमच्यासमोर काढते. दोन्हींवर उतारा एकच: वाद घालू नका, होकारही देऊ नका, 'असं शेवटचं कधी झालं?' विचारून पुन्हा दिवसावर आणा. राजीनामा दिलेल्या व्यक्तीशी बोलताना हे फार उपयोगी पडतं. 'वरिष्ठ त्रास द्यायचे' यातून कामाबद्दल काही समजत नाही. 'तीन अभ्यास एकटीकडे होते आणि दोन मॉनिटर एकाच आठवड्यात यायचे' यातून बरंच समजतं. त्या वेळी पहिली गोष्ट त्या जागेची आणि दुसरी कामाच्या स्वरूपाची, असं मनात वेगळं करा.

दुसरी अडचण आपल्याच बाजूने येते. 'पेपरवर्क फार असतं ना?' असा प्रश्न उत्तर सोबत घेऊनच येतो, आणि समोरचा भिडेखातर हो म्हणतो. शिवाय शिकवायची सवय असलेल्या माणसाला मध्येच समजावून सांगायचा मोह होतो. तुमची ओळख दोन वाक्यांत संपवा. उत्तर संपल्यावर लगेच पुढचा प्रश्न न टाकता मनात तीन अंक मोजा. त्या शांततेत बऱ्याचदा राहिलेला तपशील येतो.

काही गोष्टी विचारूच नका: रुग्णांची नावं, औषधाचं किंवा प्रायोजक कंपनीचं नाव, अभ्यासाचे निकाल. हे सगळं गोपनीय असतं आणि ते सांगून त्यांची नोकरी जाऊ शकते. 'नाव नको, फक्त काम सांगा' असं सुरुवातीलाच म्हटलंत तर त्यांना हायसं वाटेल. 'अर्धा दिवस तुमच्यासोबत बसू का?' ही विनंतीही याच कारणाने बहुधा नाकारली जाईल, आणि ते बरोबरच आहे. त्याऐवजी कोरं संमतीपत्र किंवा नोंदीचा कोरा नमुना दाखवता येईल का, एवढं विचारा. तेही नियमात बसत असेल तरच. पगार विचारायचा असेल तर शेवटी आणि व्यक्तीला न चिकटवता: 'नव्याने लागणाऱ्याला साधारण कुठपासून कुठपर्यंत मिळतं?'

बोलणं रेकॉर्ड करू नका. माणूस सावध होतो. वहीच्या पानावर डाव्या कडेला अर्ध्या-अर्ध्या तासाच्या वेळा आधीच लिहून ठेवा आणि समोर शब्द टिपत जा. कुठली ओळ कोरी राहिली ते बोलता बोलताच दिसतं. २५ मिनिटं झाली की तुम्हीच सांगा. त्यांना वेळ असेल तर ते पुढे बोलतील.

त्याच रात्री तो दिवस दहा-बारा ओळींत नीट लिहा आणि आभाराच्या निरोपासोबत त्यांना पाठवा: 'मला समजलं ते असं. कुठे चुकलंय का?' लोक दुरुस्ती मोठ्या आवडीने करतात. 'क्वेरीला दोन तास लिहिलेत, पण काल कमी होत्या' किंवा 'हा दिवस लिहिलात खरा, पण महिन्याची बिलं राहिली' असं उत्तर आलं, तर ती एक ओळ सगळ्या फोनइतकी मोलाची असते.

सहा आठवडे यासाठी पुरतात. पहिल्या आठवड्यात त्या ताईंकडून नावं घेऊन निरोप पाठवा. दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात चार फोन, एका आठवड्यात दोनांपेक्षा जास्त नकोत, नाहीतर एकीचा दिवस दुसरीच्या नावावर जाईल. पाचव्या आठवड्यात चारही दिवस शेजारी शेजारी ठेवा, आणि जे तुकडे चौघांच्याही दिवसात आहेत त्यांच्याखाली रेघ ओढा. तेवढेच तुकडे समोर घेऊन विचार करा, कारण तुम्ही कुठेही रुजू झालात तरी ते तुमच्या वाट्याला येणार आहेत. जे एकाच दिवसात दिसतात ते त्या जागेचे. नोकरी निवडताना कामाला येतील, कोर्स निवडताना नाही. चौघांचे दिवस एकमेकांशी जुळतच नसतील, तर पाचवा फोन करायला तुमच्या हातात अजून एक आठवडा आहे.